स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफवर यील्ड नेमका कुठं धरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फौंड्र्यांत क्वालिटीला नव्यानं लागलेली पोरं आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली पोरं, दोघंही लॅबमधे आली की हेच प्रश्न विचारतात. सारखं तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं टाईप करून ठेवलंय. उदाहरण सगळीकडं एकच घेतलंय, आपल्याकडं रोज ओततात तो एसजी आयर्न, ग्रेड ५००/७. मधे थोडा एमएस येतो आणि शेवटी ग्रे आयर्न.

ग्राफचा सरळ भाग म्हणजे इलॅस्टिक रीजन, एवढं तर पुस्तकातच आहे. मग त्यात वाचायचं काय?

सरळ दिसतोय म्हणून तो बारचाच सरळ भाग आहे असं नसतं, सगळा घोळ इथंच होतोय. यूटीएमवर बार ओढताना बार ताणतोच, पण त्याच्याबरोबर जबड्यांचे दात बारमधे रुततात, मशीनचे कॉलम ताणतात, स्क्रूचा प्ले निघतो, आणि ह्या सगळ्याची बेरीज क्रॉसहेडच्या सरकण्यात येते. ती पण बऱ्यापैकी सरळ रेषाच दिसते.

त्यामुळं ग्राफ हातात आला की यील्ड शोधायच्या आधी मी सरळ भागाचा उतार काढतो. म्हणजे स्ट्रेस किती वाढला भागिले स्ट्रेन किती वाढला, तोच यंग मॉड्युलस. स्टीलला तो २०० ते २१० जीपीए यायला पाहिजे, एसजीला साधारण १७० च्या आसपास, ॲल्युमिनियमला ७०. एसजीच्या बारला १५५ ते १८० च्या मधे आला तर रोजच्या कामाला चालतंय, पुढं जा. पण १५ आला तर तो ग्राफ तुमच्या बारचा नाही, मशीनचा आहे. त्यावरनं इलॅस्टिक रीजन इथनं इथपर्यंत म्हणून पेन्सिलनं खूण करण्यात काही अर्थ नाही.

१५ जीपीए खरंच येतो का कुणाला?

येतो की! कॉलेजच्या जर्नलमधे तर हमखास येतो, आणि पोरगं तसाच लिहून सही घेऊन पण जातं.

हिशोब बघा. १४ मिमी व्यासाचा बार, गेज लेंथ ७० मिमी. २० वरनं ३० किलोन्यूटनला जाताना क्रॉसहेड समजा ०.३ मिमी सरकला. बारचा एरिया १५३.९ चौ. मिमी, म्हणजे स्ट्रेस वाढला ६५ एमपीए. ०.३ भागिले ७० केलं तर स्ट्रेन ०.००४३, आणि मॉड्युलस आला १५ जीपीए. खरं तर १० किलोन्यूटनमधे त्या ७० मिमीच्या तुकड्यात बार ताणला फक्त ०.०२७ मिमी, बाकीचं सगळं मशीन आणि जबड्यांनी खाल्लं. म्हणजे तुम्ही मोजलंय त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी तुमच्या मटेरियलचं आहे.

म्हणून एक्स्टेन्सोमीटर लावायचा. तो बारलाच चिकटतो, त्याच्या दोन धारांमधलं अंतर (बहुतेक ५० मिमी) किती वाढलं तेवढंच सांगतो, आणि जबड्यात काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पण यील्ड काढायला सरळ भागाच्या ०.२ टक्के उजवीकडं समांतर रेषाच टाकायची ना, मग क्रॉसहेडच्या ग्राफवर टाकली तर काय बिघडलं? उतार चुकीचा असला तरी रेषा त्याच उताराची आहे की.

हा प्रश्न एका पोरानं विचारला तेव्हा मला बरं वाटलं, कारण त्याचं अर्धं बरोबर आहे. मशीनचं ताणणं जर एकदम नियमात, लोडच्या प्रमाणात असतं तर समांतर रेषेनं ते आपोआप वजा झालं असतं आणि यील्ड जवळपास बरोबर आला असता. पण तसं नसतंय. जबडे लोडबरोबर हळूहळू रुतत जातात, त्यामुळं तो उतार कुठं थोडा कमी कुठं थोडा जास्त. आता ७० मिमीचे ०.२ टक्के म्हणजे ०.१४ मिमी, आणि ५३ किलोन्यूटनपर्यंत क्रॉसहेड दीड मिमीच्या वर सरकलेला. रेषेच्या उतारात नुसती ५ टक्के चूक झाली तरी ती वर जाऊन ०.०८ मिमी होते. म्हणजे जे ०.१४ आपण शोधतोय त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त चूकच!

एक्स्टेन्सोमीटरच्या ग्राफवर तीच ५ टक्के चूक ०.००५ मिमी होते आणि उत्तर दीड-एक एमपीएनं हलतं. कोण विचारत नाही तेवढ्याला.

आणि एक उद्योग करू नका, क्रॉसहेडच्या ग्राफवर पुस्तकातला १७० चा उतार घेऊन रेषा टाकायचा. ती जवळजवळ उभी जाते, सुरवातीच्या वाकड्या भागातच ग्राफला कापते आणि यील्ड असला काहीतरी २०-३० एमपीए निघतो.

ग्राफ सुरवातीला आत वाकलेला, पायाच्या बोटासारखा दिसतोय. शून्य कुठं धरायचं?

त्याला इंग्रजीत ‘टो’ असंच म्हणतात, मराठीत पायाचं बोट म्हणा हवं तर. बार जबड्यात नीट बसेपर्यंत, थोडा तिरका असेल तर सरळ होईपर्यंत लोड कमी आणि सरकणं जास्त, म्हणून तसा आकार येतो. मटेरियलचं त्यात काही नाही. वरच्या सरळ भागाची रेषा खाली वाढवायची, ती आडव्या अक्षाला जिथं कापते ते तुमचं शून्य, आणि ०.२ टक्के तिथनं मोजायचे. ग्राफ छापलेल्या शून्यापासनं मोजले तर रेषा डावीकडं राहते आणि यील्ड कमी येतो.

०.२ टक्क्याची रेषा एकदा हातानं करून दाखवा ना, सॉफ्टवेअर नको.

घ्या. एसजी ५००/७ चा वाय-ब्लॉकमधनं काढलेला बार, उद्यमनगरातनं टर्न करून आणलेला. मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजला, १४.०० मिमी. एक्स्टेन्सोमीटरची गेज लेंथ ५० मिमी. रीडिंग अशी आली:

| लोड (किलोन्यूटन) | वाढ (मिमी) |
|---|---|
| १० | ०.०१९ |
| २० | ०.०३८ |
| ३० | ०.०५८ |
| ४० | ०.०७९ |
| ४५ | ०.०९९ |
| ५० | ०.१४६ |
| ५२ | ०.१७६ |
| ५३ | ०.१९६ |
| ५४ | ०.२२० |
| ५५ | ०.२४९ |

आधी उतार. १० ते ३० किलोन्यूटनमधे वाढ झाली ०.०३९ मिमी. स्ट्रेस वाढला २०,००० भागिले १५३.९, म्हणजे १३० एमपीए, स्ट्रेन ०.०३९ भागिले ५०, म्हणजे ०.०००७८. मॉड्युलस १६७ जीपीए. एसजीला शोभणारा आकडा आहे, म्हणजे एक्स्टेन्सोमीटर नीट बसलाय, पुढं जायला हरकत नाही.

आता इलॅस्टिक भाग कुठपर्यंत ते बघू. त्या उतारानं दर किलोन्यूटनला ०.००१९५ मिमी वाढ पाहिजे. ४० ला ०.०७८ पाहिजे, आलेत ०.०७९, म्हणजे अजून रेषेवरच आहे म्हणायचं. ४५ ला ०.०८८ पाहिजे आणि आलेत ०.०९९. सुटला! म्हणजे ४० आणि ४५ च्या मधे, २६० ते २९० एमपीएच्या पट्ट्यात कुठंतरी बारनं सरळ रेषा सोडली. नेमका कुठं सोडली ते विचारू नका, कारण तो बिंदू तुमचं उपकरण किती बारीक मोजतं त्याच्यावर ठरतो, अजून चांगला एक्स्टेन्सोमीटर आणला तर अजून खाली दिसंल. याच कारणासाठी तर ०.२ टक्क्याची भानगड काढलीय, दोन लॅबमधे एकच उत्तर यावं म्हणून.

५० मिमीचे ०.२ टक्के म्हणजे ०.१ मिमी. तेवढं उजवीकडं सरकून त्याच उताराची रेषा टाकायची. ५३ किलोन्यूटनला ती रेषा असते ०.१ अधिक ५३ गुणिले ०.००१९५, म्हणजे ०.२०३ वर, आणि बार आहे ०.१९६ वर, अजून रेषेच्या डावीकडं. ५४ ला रेषा ०.२०५ आणि बार ०.२२०, उजवीकडं गेला. म्हणजे मधेच कापलं. ०.००७ मागं होता, ०.०१५ पुढं गेला, त्या प्रमाणात ५३.३ किलोन्यूटन. भागिले १५३.९ केलं की ३४६ एमपीए.

झालं, हा `Rp0.2`. ५००/७ ला कमीत कमी ३२० पाहिजे, पास. ग्राफवर त्या जागी बघाल तर काहीच दिसत नाही, ना खड्डा ना कोपरा, नुसता गुळगुळीत वळणाचा रस्ता. एसजीत यील्ड डोळ्यांनी दिसत नाही, तो काढावाच लागतो.

०.२ च का? ०.१ का नाही?

ठरवलंय म्हणून. काही ठिकाणी ०.१ पण मागतात, तेव्हा `Rp0.1` लिहून येतं. ड्रॉइंगवर काय मागितलंय ते वाचायचं, बास.

एमएसच्या बारला मात्र ग्राफ वर जाऊन धपकन खाली येतो. मग तिथं पण ०.२ ची रेषा टाकायची का?

नाही. तिथं मटेरियल स्वतःच सांगतंय की मी आता यील्ड झालो. कमी कार्बनच्या स्टीलमधे कार्बन-नायट्रोजनचे अणू डिसलोकेशनला धरून बसलेले असतात, ते सुटायला जास्त जोर लागतो आणि एकदा सुटले की कमी जोरात काम चालतं, म्हणून आधी टोक आणि मग खाली सपाट पट्टा. टोक म्हणजे अप्पर यील्ड, `ReH`. सपाट भागातला सगळ्यात खालचा म्हणजे लोअर यील्ड, `ReL`, फक्त टोकावरनं पडताना पहिला जो गचका बसतो तो सोडून द्यायचा.

जुन्या डायलच्या मशीनवर हे बघायला लई भारी वाटायचं. काटा चढत चढत जातो, मशीन चालूच असतं, आणि काटा एकदम थबकतो, थोडा मागं येऊन थरथरत उभा राहतो. बारवर वरची काळी पापुद्र्याची साल असेल तर त्याच वेळी ती तिरक्या रेघांनी सुटायला लागते, एका टोकापासनं सुरू होऊन रेघा पुढं सरकत जातात आणि खाली बेडवर काळी भुकटी पडते. ते बघितलेल्या माणसाला सपाट पट्टा म्हणजे काय हे परत समजवावं लागत नाही, बार सगळीकडं एकदम यील्ड होत नाही, तुकड्या-तुकड्यानं होतो, आणि सगळा होईपर्यंत लोड वाढत नाही.

अप्पर यील्ड जरा लहरी असतो. बार थोडा तिरका धरला किंवा स्पीड बदलला की तो हलतो. आयएस १६०८ मधे स्टीलसारख्या मटेरियलला यील्डपर्यंत स्ट्रेस सेकंदाला ६ ते ६० एमपीए वाढवायची मुभा आहे, आपल्या १४ च्या बारला ते सेकंदाला साधारण १ ते ९ किलोन्यूटन होतं. घाईत व्हॉल्व्ह उघडून ओढला तर यील्ड जास्त येतो, आणि मालक खूश होतो, पण तो आकडा खरा नाही.

लोड मधेच पडला तर तो यील्ड आहे की जबड्यात बार घसरला, हे कसं ओळखायचं?

एक्स्टेन्सोमीटरकडं बघा. खरा यील्ड असेल तर लोड पडताना सुद्धा वाढ पुढंच जात राहते, कारण बार ताणतोयच. जबड्यात घसरला असेल तर बारवरचा ताण सैल होतो, मग लोडबरोबर वाढ पण मागं येते, ग्राफ त्याच सरळ रेषेवरनं खाली उतरतो आणि परत त्याच रेषेवरनं वर चढतो. वर ‘कट्’ असा आवाज पण येतो, पण आवाजावर जाऊ नका, बाजूला फेटलिंग चालू असलं की काही ऐकू येत नाही.

सॉफ्टवेअर आपोआप यील्ड देतंय की. मग एवढी डोकेफोड कशाला?

याचं उत्तर माझ्याच चुकीतनं देतो. वर जो ३४६ चा बार दाखवला ना, तो त्या वाय-ब्लॉकचा दुसरा बार आहे. पहिला मी आदल्या दिवशी संध्याकाळी ओढला होता, सॉफ्टवेअरनं यील्ड दिला २८८ आणि मी तसाच रिपोर्ट छापून दिला. टेन्साइल चांगलं, इलाँगेशन चांगलं, मायक्रो चांगलं, फक्त यील्ड ३२० च्या खाली. फौंड्रीनं माल थांबवला, मेल्टिंगवाल्या काकांना बोलणी बसली, सिलिकॉन कमी पडलं का, असं झालं का तसं झालं का.

दुसऱ्या दिवशी ग्राफ मोठा करून बघितला तर ३६ किलोन्यूटनला एक आडवी पायरी. लोड होता तिथंच, वाढ एकदम ०.०९ मिमीनं पुढं, आणि पायरीनंतर परत आधीच्याच उताराची सरळ रेषा. मटेरियल असं वागत नाही हो. यील्ड झालेलं एसजी परत जुन्या उतारावर जात नाही. मग तुटलेला बार शोधून काढला, त्यावर एक्स्टेन्सोमीटरच्या धारेची खूण बघितली. वरची खूण केसासारखी बारीक, एकच. खालची मात्र फरफटलेली, छोटासा ओरखडा. स्प्रिंग ढिली झाली होती, खालची धार घसरली.

आता सॉफ्टवेअर बिचारं काय करणार, त्याला ०.१ मिमीची कायमची वाढ शोधायला सांगितलीय, त्यातली ०.०९ घसरण्यानंच मिळाली. उरलेली ०.०१ बारनं ४४ किलोन्यूटनच्या आसपासच दिली, तिथंच रेषा कापली आणि २८८ छापून मोकळं. आकडा हिशोबानं बरोबर, ग्राफ चुकीचा.

तेव्हापासनं रिपोर्टवर सही करायच्या आधी मी ग्राफचा ० ते ०.५ टक्के स्ट्रेनचा भाग पूर्ण स्क्रीनवर ओढून बघतो. पूर्ण टेस्टचा ग्राफ ७-८ टक्क्यांपर्यंत जातो, त्यात इलॅस्टिक भाग एक उभी रेघ दिसतो, पायरी असली तरी कळत नाही. आणि सॉफ्टवेअरनं उतार कुठल्या दोन लोडमधनं घेतलाय ते पण बघतो, काही वेळा ते वरचा वळलेला भाग पण उतारात धरतं, मग मॉड्युलस कमी दिसतो आणि यील्ड जास्त.

आणि हो, पायरी वजा करून आकडा दुरुस्त करता येतो, स्वतःच्या समाधानाला करा. रिपोर्टला नाही, रिपोर्टला दुसरा बार ओढायचा.

प्रपोर्शनल लिमिट, इलॅस्टिक लिमिट, यील्ड, तिन्ही एकच ना?

परीक्षेत वेगळे, लॅबमधे पहिले दोन कुणी मागत नाही. रेषा सुटली ती प्रपोर्शनल लिमिट. लोड काढला तर बार पूर्ण मूळ लांबीला येतो ती शेवटची जागा इलॅस्टिक लिमिट, ती काढायला लोड चढवून, उतरवून, परत चढवून बघावं लागतं. वरच्या बारला ३० किलोन्यूटनपर्यंत नेऊन सोडला असता तर एक्स्टेन्सोमीटर परत शून्यावर आला असता. ५३.३ वरनं सोडला असता तर बार त्याच उतारानं खाली येऊन ०.१ मिमीवर थांबला असता. ती ऑफसेटची रेषा म्हणजे हाच परतीचा रस्ता आहे, हे कळलं की रेषा समांतर का टाकतात ते पण कळतं.

ग्रे आयर्नच्या रिपोर्टवर यील्डची जागा रिकामी असते. लॅबनं टेस्ट अर्धवट केली का?

नाही हो, भांडायला येऊ नका. ग्रे आयर्नमधे ग्राफाइटच्या पापड्या असतात, प्रत्येक पापडीचं टोक म्हणजे आधीच तयार असलेली चीर. थोडा लोड आला की त्या टोकांशी बारीक बारीक यील्डिंग सुरू होतं, त्यामुळं ग्राफ पहिल्यापासनंच थोडा वाकलेला, खरा सरळ भाग जवळपास नाहीच. आणि स्ट्रेन १ टक्का व्हायच्या आत बार फाडकन तुटतो. उतार कुठनं घ्यायचा इथंच वांधे, म्हणून आयएस २१० मधे एफजी २००, एफजी २६० असले ग्रेड नुसत्या टेन्साइलवर आहेत.

एसजीत तेच ग्राफाइट गोळ्या होऊन बसतं, टोकं गेली, म्हणून तिथं सरळ भाग मिळतो. त्यामुळं एसजी म्हणून आलेला बार सुरवातीपासनंच वाकडा ग्राफ देतोय आणि मॉड्युलस १३०-१४० लाच अडकतोय, एक्स्टेन्सोमीटर नीट असून, तर एकदा मायक्रोस्कोपखाली बघा, मॅग्नेशियम उतरलं असण्याची शंका घ्यायला जागा आहे.

लेथवाल्यानं बार १४ ऐवजी १३.९ केला, चालतंय का?

चालतंय, पण हिशोबात १३.९ च टाका. एरिया १५१.७ होतो आणि त्याच ५३.३ किलोन्यूटनला यील्ड ३५१ येतो, ३४६ नाही. ५ एमपीए इथंच गेले. जास्त त्रास टेपरचा, एका टोकाला १४ आणि दुसऱ्याला १३.८ असला की बारीक टोक आधी यील्ड होतं, ग्राफचं वळण लवकर सुरू होतं आणि लांबट पसरतं. म्हणून तीन ठिकाणी मोजायचा, आणि तिन्ही रीडिंग वहीत लिहायच्या, सरासरी नुसती नाही.